एका आकड्याने हुकलेले भाऊजी

आमच्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, कुलपाने कधी फसवलं नाही. किल्ली हरवलेलं कुलूप समोर आलं की ते एक कोरी, दाते न कापलेली पितळी किल्ली त्यात घालतात आणि जोर लावून फिरवतात. आतले खिळे पितळेवर बारीक खुणा उमटवतात. जिथे खूण, तिथे कानस. पुन्हा घालायची, पुन्हा बघायचं. पाच खिळ्यांपैकी चार जमले की भाऊजी गालात हसतात, कारण आता एकच उरलेला असतो. चाळीस वर्षं हेच काम केल्याने जगातली प्रत्येक गोष्ट अशीच थोडी थोडी घासत उघडते, असा त्यांचा पक्का समज झाला आहे.

लॉटरीवर त्यांनी हीच कानस चालवली. आकडा ठरलेला, ४१७३८. मुलगी चार वाजून सतरा मिनिटांनी झाली आणि ताईची खाट अडतीस नंबरची होती. दर शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते स्वतः टपरीवर जात आणि स्वतःच्या हाताने आकडा लिहीत. यंत्राने काढलेलं तिकीट त्यांना चालत नसे. एकदा मी म्हटलं, "भाऊजी, हे एक मला द्या, बदल्यात दुसरी दोन घ्या." त्यांनी तिकीट असं छातीशी धरलं की जणू मी त्यांची मूत्रपिंडं मागितली होती.

दुपारी चारला सोडत झाली की वहीत नोंद व्हायची. दोन आकडे जुळले, तर हिरवी खूण. तीन जुळले, तर लाल. आकडे जुळले पण जागा चुकल्या, तर त्यालाही वेगळी खूण होतीच. काहीच जुळलं नाही, तर ते पान मुकाट्याने उलटायचं.

मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. "पाच आकड्यांचे एक लाख नंबर होतात. त्यातला तुमचा एक. पण एकाच आकड्याने हुकणारे पंचेचाळीस. आणि निदान दोन आकडे जुळणारे आठ हजारांच्या वर. म्हणजे वर्षातून चारेक हिरव्या खुणा कुणालाही मिळतील, माझ्या मांजरालासुद्धा."

"तुझ्या मांजराने वही ठेवली आहे का?" भाऊजींनी विचारलं.

मग ताईच बोलली. तिने आयुष्यात कानस धरली नव्हती. "अहो, तुम्ही किल्ली घासता तेव्हा कुलूप तेच असतं. इथे दर शनिवारी कुलूपच नवं बसवतात. मागच्या खुणा कशाला घासायच्या?"

भाऊजींनी वही मिटून बाजूला ठेवली. मला वाटलं, पटलं. ते म्हणाले, "पण मी घेतलं नाही आणि नेमका त्याच दिवशी लागला तर?" इथे गणिताचं तोंड बंद होतं. आकडा एकदा आपला म्हटला की सोडणं घेण्यापेक्षा अवघड.

गेल्या महिन्यात मुलीला बाळ झालं. तिचं गाव गाडीने सात तासांवर आहे. बारसं शनिवारी ठरलं. ताईने दोन तिकिटं काढली, गाडीची. भाऊजींचा चेहरा उतरला, कारण त्या आठवड्याचं लॉटरीचं तिकीट शनिवारी सकाळीच मिळायचं.

"मी घेईन ना तुमच्यासाठी," मी म्हटलं. "आकडा तोच लिहीन."

"आकडा तोच, पण हात तुझा," ते म्हणाले. त्यांनी माझ्या हाताकडे असं पाहिलं की मी तो खिशात घातला.

शुक्रवारी ताई एकटीच गेली. लेकीला फोन करून भाऊजींनी सांगितलं, दुकानात काम अडलंय, पुढच्या आठवड्यात नक्की. तिने हो म्हटलं. ते ऐकून मला भाऊजींचा राग आला, पण मी थट्टेवारी नेलं.

शनिवारी चारला आम्ही दोघे टपरीपाशी होतो. फळ्यावर आकडे लागले: ४१७५८.

"काका, थोडक्यात!" लॉटरीवाला ओरडला. भाऊजींनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. चार आकडे! वीस वर्षांत पहिल्यांदा! त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला आणि आवाज मोठा केला, मलाही ऐकू यावा म्हणून.

मागे बाळ रडत होतं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाबा, मग पुढच्या शनिवारी येताय ना?"

"पुढच्या शनिवारी कसं गं येणार? आता तर अगदी जवळ आलंय."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय झालं हिला?" भाऊजींनी मला विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. वीस वर्षं मी या माणसाची थट्टा करत आलोय, पण त्या दिवशी मला एकही विनोद सुचला नाही.