शिक्क्याखालची ओळ

फाइल उघडली आणि माझं डोकंच फिरलं. एकही चूक नाही! स्कॅन केलेल्या रशियन कागदातून मशीननं उचललेला मजकूर आणि इतका साफ? शक्यच नाही. म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

घाटकोपरला आमचं छोटं ऑफिस आहे, मी आणि माझी मैत्रीण. कागदांचं भाषांतर करतो. रशियनमधून इंग्रजीत आणायचं माझ्याकडे, आणि त्याआधी मजकूर साफ करायचं तिच्याकडे. मशीनला रशियन अक्षरं धड कळत नाहीत. रशियन 'स' आणि इंग्रजी 'सी' दिसायला एकच, त्यामुळे ते एकाच शब्दात दोन्ही भाषांची अक्षरं बिनधास्त कोंबतं. डोळ्याला काही कळत नाही, पण तो शब्द शोधायला गेलं की सापडत नाही. कधी शून्याच्या जागी 'ओ' बसतो. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे. एका बाजूला स्कॅन, दुसऱ्या बाजूला मजकूर ठेवायचा आणि ओळीला ओळ लावून बघायचं. अर्थ लावून दुरुस्ती करायची नाही. कागदावर दिसतं तेवढंच लिहायचं, दिसत नसेल तर 'वाचता येत नाही' असं लिहून मोकळं व्हायचं.

हा कागद मुलुंडच्या एका मालवणी बाईंनी पाठवला होता. त्यांचा नवरा बोटीवर कामाला. रशियातल्या एका बंदरात त्याच्या अपेंडिक्समध्ये पू झाला, तिथल्या हॉस्पिटलनं औषधांवर बरा करून घरी पाठवला. आता दुसऱ्या दिवशी सकाळी इथे ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांना तिथल्या डिस्चार्जच्या कागदाचं इंग्रजी भाषांतर हवं होतं.

मी स्कॅन उघडला. काळापांढरा. वरच्या भागात हॉस्पिटलचा गोल शिक्का बरोबर एका ओळीवर बसलेला, शाई आणि छपाई मिळून नुसता काळा डाग. आणि साफ केलेल्या मजकुरात तीच ओळ ऐटीत उभी: कशाचीही अ‍ॅलर्जी नाही.

"ही ओळ तू कुठे वाचलीस गं?" मी विचारलं.

"कागदावर. आणखी कुठे?"

"दाखव मला."

ती खुर्ची सरकवून आली, स्कॅन मोठा केला, मान वाकडी करून बघितलं. मग म्हणाली, "घाई होती यार. एआयला दिलं साफ करायला. त्यानं केलं."

"साफ नाही केलं, मनानं भरलं!"

"अगं, रशियन कागदांवर दहातल्या नऊ वेळा हीच ओळ असते. तू पण हाच अंदाज केला असतास. तुला ना, सगळ्यांवरच संशय!"

आहेच मला संशय. आणि खरं सांगते, मला भीतीही वाटत होती. हीच ओळ असते म्हणून तर तिच्यावर कुणाची नजर थांबत नाही. डॉक्टरांचीही थांबली नसती.

मी बाईंना फोन लावला. म्हटलं, "ताई, मूळ कागद खिडकीपाशी धरा आणि मोबाइलवर रंगीत फोटो पाठवा. स्कॅन नको." फोटो आला. शिक्का निळा, छपाई काळी. रंग वेगळे दिसले आणि खालची ओळ वर आली. मी ती एक एक अक्षर करून वाचली, मग मैत्रिणीला वाचायला लावली. एका अँटिबायोटिक इंजेक्शनचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं: चेहरा आणि घशाला सूज.

मैत्रिणीनं कपाळाला हात लावला. "वाट लागली असती गं," एवढंच ती म्हणाली.

मी ती ओळ भाषांतरात सगळ्यात वर, ठळक अक्षरात टाकली आणि पुन्हा बाईंना फोन केला. "ताई, हे आधी डॉक्टरांना दाखवा. तुमच्या मिस्टरांना ह्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे."

त्या म्हणाल्या, "पण काल तुमच्या मॅडमनी कच्चं भाषांतर पाठवलेलं ना, त्यात तर नाही असं होतं."

मी मैत्रिणीकडे बघितलं. "तेही एआयनंच केलेलं," ती पुटपुटली.

"हे काल रात्री सांगत होते मला," बाईंचा आवाज फुटला. "तिकडे सुई टोचल्यावर तोंड सुजलं होतं, श्वास घेता येत नव्हता, डॉक्टरांच्या कानावर घालूया म्हणाले. आणि मीच ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, कागदात नाय म्हणान लिवलेला आसा, तुम्ही गप ऱ्हवा."