पानावरून गेलेली नावं

लता उमाळे रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहायची. माहेर वर्धेकडचं, लग्न होऊन रायपूरला आली तेव्हा हे शहर नुकतंच राजधानी झालं होतं. नवरा नरहरी शहराबाहेर उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये गेटवर ट्रकांच्या नोंदी ठेवायचा. लता स्वतः नव्या रायपुरातल्या एका सरकारी मंडळाच्या कार्यालयात टायपिंग करायची, कंत्राटावर. अकरा वर्षं झाली होती. रोज सकाळी आठच्या बसने जायचं, रुंद रिकाम्या रस्त्यांवरून, अजून कोणी राहायला न आलेल्या इमारतींसमोरून, आणि संध्याकाळी त्याच बसने परत.

त्या वर्षी जानेवारीत कार्यालयाने ठरवलं की आपलं स्वतःचं वेबपेज पाहिजे. त्यात कर्मचाऱ्यांची यादी, कोण कुठे बसतो, फोन नंबर, सगळं. त्यासाठी नागपूरहून सुशील नावाचा एक प्रोग्रामर आला. पंचविशीतला, बोलायला साधा. वरच्या मजल्यावर त्याला खोली दिली.

लतानेच त्याला गाठलं. "सुशील, मले हे शिकवशीन का रे? जेवणाच्या सुट्टीत?"

"तुमाले कशाला ताई?"

"टाइप करून करून बोटं झिजली. दुसरं काही येऊ दे ना."

सुशीलने तिच्या कॉम्प्युटरवर एक एडिटर टाकून दिला. डावीकडे एडिटर, उजवीकडे ब्राउझर, असा पडदा अर्ध्यात वाटला. पहिल्या दिवशी तिने मोठ्या मथळ्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि वाट पाहत बसली. काहीच झालं नाही.

"सेव्ह करा ना," सुशील हसला.

तिने कंट्रोल आणि एस दाबलं, आणि उजवीकडचं पान क्षणभर मिटल्यासारखं होऊन पुन्हा उघडलं. त्यावर तिचं नाव. तिने माउसला हातही लावला नव्हता.

"हे आपोआप कसं झालं?"

"तुमच्या मशीनवर एक छोटा सर्व्हर चालू आहे. तो फाइलवर नजर ठेवून असतो. फाइल सेव्ह झाली की ब्राउझरले सांगते, पान पुन्हा घे. बस."

लताला ते फार आवडलं. एकदा तिने ठळक अक्षरांची खूण सुरू केली आणि बंद करायची विसरली, तर खालचं सगळं पान काळंकुट्ट झालं. चूक लगेच दिसायची, म्हणून चुकीची भीती गेली. स्नेहल, तिची मुलगी, मराठी समजायची पण उत्तर हिंदीत द्यायची. "आई, अब तो तुम इंजीनियर हो गईं," असं ती चिडवायची.

फेब्रुवारीच्या अखेरीस सुशीलने तिला एक दिवस कमेंट शिकवली. उद्गारचिन्ह आणि आडव्या रेघांच्या खुणांमध्ये एखादी ओळ टाकली की ती पानावर दिसत नाही, पण फाइलमध्ये राहते. "पुसायचं नाही, फक्त झाकायचं. परत लागलं तर खुणा काढल्या की झालं."

त्याच आठवड्यात त्याने कर्मचाऱ्यांच्या यादीचं पान बनवलं आणि नावं तपासायचं काम लताकडे दिलं. फाइल त्याच्या मशीनवर, वर. पण दोघांचे कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर, म्हणून त्याने तिला नुसत्या आकड्यांचा एक पत्ता दिला, शेवटी पंचावन्नशे. तो तिच्या ब्राउझरमध्ये टाकला की सुशीलचं पान तिला दिसायचं. ती फोनवर सांगायची, "कांताबाईच्या नावात अनुस्वार नाही बे," तो वर दुरुस्त करून सेव्ह करायचा, आणि खाली तिच्यासमोरचं पान आपसूक बदलायचं. दोन दिवसांत यादी निर्दोष झाली. कंत्राटी टायपिस्टांची बारा नावं एकाखाली एक. लताचं अकरावं. तो टॅब तिने बंद केला नाही. बंद करायचं कारण नव्हतं.

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, तो टॅब समोर होता. लता एक पत्र शेजारच्या खिडकीत टाइप करत होती. कडेने पान मिटून उघडलेलं तिला जाणवलं. तिने पाहिलं, यादी जरा आखूड वाटली. मोजली. अकरा. गोदूचं नाव नव्हतं.

गोदू तिच्यापासून तीन टेबलं पलीकडे बसली होती, कानावर पेन्सिल, टाइप करत. लताने सुशीलला फोन लावला. वाजत राहिला. एखादी ओळ चुकून उडाली असेल, तिने स्वतःला सांगितलं.

पाच मिनिटांनी पान पुन्हा मिटलं. आता अच्युत गेला. अच्युत खिडकीपाशी उभा राहून पाणी पीत होता.

लताचे हात कीबोर्डवर थांबले. सुशील चूक करत नव्हता. चूक असती तर पहिल्या वेळेलाच त्याच्या पडद्यावर त्याला दिसली असती, तोही तेच पान बघत असणार. कोणीतरी त्याला एकेक नाव सांगत होतं आणि तो प्रत्येक नावानंतर सेव्ह करत होता.

माया गेली.

मग लताला तो क्रम ओळखू आला. जानेवारीत टायपिस्टांपैकी काहींनी मिळून एक अर्ज दिला होता: आमच्या कराराची प्रत आम्हाला मिळावी. अकरा वर्षांत कोणालाच ती दाखवली नव्हती. अर्ज लताने टाइप केला होता. सह्या पाच. पहिली गोदूची, मग अच्युत, माया, कांताबाई. पाचवी तिची.

आजूबाजूला टाइपिंगचा आवाज नेहमीसारखा चालू होता. माया जांभई देऊन म्हणाली, "आज चहा येऊन राहिला का नाही?"

तिने कंट्रोल आणि यू दाबलं. पानामागचा मूळ कोड नव्या टॅबमध्ये उघडला. अगदी तळाशी त्या सर्व्हरने स्वतःच घातलेल्या ओळी होत्या, ज्या सुशीलने लिहिल्या नव्हत्या; त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की त्यांच्यामुळेच पान आपोआप बदलतं. वर यादी होती. गोदू तिथेच होती. अच्युतही, मायाही. झाकलेली, खुणांच्या आत, आणि प्रत्येकाच्या पुढे लिहिलेलं: ३१ मार्चनंतर नाही.

लताने ते पान छापलं. कोपऱ्यात तारीख, वेळ आणि तो आकड्यांचा पत्ता आपोआप छापून आला. कागद घडी घालून तिने पर्समध्ये ठेवला. यादीच्या टॅबवर परत आली तेव्हा कांताबाईचं नाव गेलेलं होतं.

ती जिना चढून वर गेली. सुशीलच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तो खुर्चीत, आणि त्याच्या मागे खानझोडे साहेब, आस्थापनेचे अधिकारी, हातात एक कागद धरून उभे. तो कागद लताने ओळखला. तिनेच टाइप केलेला, पाच सह्यांचा.

सुशीलने मान वर केली आणि त्याला ती दिसली. त्याचा हात माउसवर होता. त्याने पडद्याच्या खालच्या पट्टीवर एक क्लिक केलं.

"काही काम होतं का, लताबाई?" साहेबांनी विचारलं. आवाज मऊ होता.

"नाही सर."

खाली येऊन ती पडद्यासमोर बसली. पानावर आठ नावं, त्यात तिचं होतं. ती बघत राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पान हललं नाही. शेवटी तिने स्वतः रिफ्रेश दाबलं, तर ब्राउझर म्हणाला, या पत्त्यावर कोणी उत्तर देत नाही. सुशीलने सर्व्हर बंद केला होता. म्हणजे पान हललं नाही याचा अर्थ नाव राहिलं असा नव्हता. त्या क्लिकनंतर वर काय लिहिलं गेलं, हे कळायचा रस्ताच उरला नव्हता.

संध्याकाळी बसस्टॉपवर तिने चौघांना बाजूला घेतलं आणि कागद दाखवला. गोदू बराच वेळ स्वतःच्या नावाकडे बघत राहिली.

"अन् तुमचं काहून नाही यात?" अच्युतने विचारलं.

"मी छापलं तवा मायापर्यंतचीच नावं गेली होती. पुढचं मले माहीत नाही."

कोणी काही बोललं नाही. बसमध्ये चौघं मागे बसले. लता पुढे एकटी.

एकतीस तारखेला आदेश निघाला. चार नावं. लताचं नव्हतं.

ती थेट वर गेली. सुशील सामान बांधत होता, काम संपलं म्हणून नागपूरला परत चालला होता.

"तू मले वाचवलं का?"

"मी कोण वाचवणारा, ताई. साहेबच म्हणाले, हिले राहू दे, पान सांभाळाले कोणीतरी लागंल. तुमाले येते ना आता." त्याने नजर वर केली नाही. "त्या चौघांचं मी मुद्दामच पुसलं नाही. झाकूनच ठेवलं. म्हटलं, साहेबांचं मन बदललं तर."

मे महिन्यात खानझोडे साहेब खाली तिच्याकडे आले. पान आता तिच्या मशीनवर होतं. ते तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "त्या झाकलेल्या ओळी काढून टाका. फाइलमध्ये कचरा नको."

"हव सर," लता म्हणाली.

त्यांची पावलं जिन्यावर विरेपर्यंत ती थांबली. तिने काही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी टाकली आणि बुढापाऱ्यात गोदूच्या घरी गेली. कांताबाईही तिथे आली होती. चौघांनी कामगार कार्यालयात तक्रार केली होती, पण नावं अर्जामुळेच कापली हे दाखवायला हातात काही नव्हतं. आदेशात लिहिलं होतं, काम कमी झालं. लताने तो छापील कागद गोदूच्या समोर ठेवला.

"यात तारीख आहे. आदेशाच्या अठरा दिवस आधीची. अन् नावं कोणत्या क्रमानं गेली ते मी पाहिलं, तो क्रम अर्जातल्या सह्यांचा आहे, यादीतला नाही. कोणी कधी पाहिलं विचारतील, तर माझं नाव सांगा."

"लता, तुही नोकरी जाईन," कांताबाई म्हणाली. ती पहिल्यांदा तिच्याशी बोलली होती मार्चपासून.

"माहीत आहे."

साक्षीच्या कागदावर तिने सही केली. घरी नरहरीला सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला, मग एवढंच म्हणाला, "स्नेहलचं शेवटचं वर्ष आहे." लताने मान हलवली.

पावसाळा संपता संपता माया आणि कांताबाईला परत घेतलं. अच्युत तोवर भिलाईला लागला होता. गोदूचं प्रकरण तारखांवर तारखा घेत राहिलं.

लताला कोणी काही बोललं नाही. साहेब भेटले की नमस्कार घ्यायचे, तब्येत विचारायचे. फक्त एक दिवस तिच्या मशीनवरची फोल्डरं वर हलवली गेली, आणि वर एक नवी मुलगी बसायला लागली. लता नेहमीसारखी आठच्या बसने जात राहिली, पत्रं टाइप करत राहिली. तिच्या कराराची मुदत पुढच्या एकतीस मार्चला संपत होती. ते पान आता तिला उघडत नव्हतं.