सरांच्या नावावरची तीनशे ब्रोशर

अंधेरीच्या आमच्या फिल्टर कंपनीत मार्केटिंगच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. ब्रोशर, छत्र्या, कॉफीचे मग, किचेन, सगळं माझ्या ताब्यात. सही केल्याशिवाय मी कुणाला किचेनसुद्धा देत नसे. सेल्सची मंडळी मला घाबरायची आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू!

रोज साधारण शंभर ब्रोशर जायची. छापखाना आठ दिवस घ्यायचा, वर उशीर झालाच तर दोन दिवसांची सोय. म्हणून साठा हजारावर आला की मी ऑर्डर टाकायचे. त्या सोमवारी बरोब्बर हजारावर टाकली. इथवर माझं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते चहाच्या वेळी. मी सगळ्यांना बजावलं, "आता जपून वापरा रे, नवीन यायला आठ दिवस आहेत."

झालं! संध्याकाळपर्यंत कपाटात चाळीस उरली. जो तो शंभर-शंभर उचलून मोकळा. आणि शनिवारी प्रदर्शन, आठशे तरी हवीत.

आमचे मॅनेजर सर शांतपणे म्हणाले, "शनिवारी स्टॉलवर आठशे ब्रोशर नसली, तर ही किल्ली दुसऱ्या कुणाकडे जाईल." ती किल्ली गेली तर मला ऑफिसात विचारणार कोण?

मी रजिस्टर काखेत मारून वसुलीला निघाले. "काढ रे, तुझ्या नावावर शंभर आहेत." टेबलांच्या खणांतून, स्कूटरच्या डिकीतून, दहिसरच्या एकाच्या घरच्या दिवाणाखालूनसुद्धा गठ्ठे निघाले. एक जण भडकला, "काय गं, गिऱ्हाईक काय तुझं तोंड बघून फिल्टर घेणार?" मी म्हटलं, "माझं बघून घेतील एक वेळ, तुझं बघून पळतील." ऐंशी तेवढी गिऱ्हाइकांना वाटून झाली होती.

शुक्रवारी सरांच्या टेबलावर मोजदाद झाली. कपाटातली धरून सहाशे वीस. सर रजिस्टरवरून बोट फिरवत एकेक नाव वाचू लागले आणि मध्येच थांबले.

"हे काय? माझ्या नावावर तीनशे?"

सगळे सरांकडे बघायला लागले. सर माझ्याकडे.

माझे कान तापले. सोमवारी सगळे तुटून पडले तेव्हा सर्वांत आधी मीच घाबरले होते. तीनशे ब्रोशर बाजूला काढली, माझ्या टेबलाखालच्या खोक्यात टाकली, वर छत्र्या रचल्या, आणि नोंद केली सरांच्या नावावर. सरांना कोण विचारणार, म्हणून! अडीअडचणीला म्हणून ठेवली होती, देवाशप्पथ. पण चार दिवस लोकांचे खण उपसताना ती बाहेर काढायची हिंमत झाली नाही.

खोका आणून ठेवला. नऊशे वीस झाली. कुणी हसलंसुद्धा नाही. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"प्रदर्शनाचं काम झालं," सर म्हणाले, आणि त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.