शनीचं शिसं आणि एक शुद्धिपत्र

वहिनीचा अकोल्याहून फोन आला तेव्हा मी अमरावतीला ओट्यापाशी मेथी निवडत बसले होते. "तुमचे दादा तांब्यात खिळे टाकून पानी पिऊन राह्यले," ती म्हणाली. "पंधरा दिवस झाले. पोट दुखते म्हणतात, पण ऐकत नाहीत. म्हणतात, बहिणीनंच लिहून ठेवलं."

खिळे म्हणजे भिंतीत ठोकायचे नव्हेत. दादा आयुष्यभर छापखान्यात कंपोझिटर होता, अक्षरं जुळवायचा. छापखाना बंद झाला तेव्हा त्यानं अक्षरांच्या खिळ्यांची एक केस, म्हणजे खणांची पेटी, आठवण म्हणून घरी आणली. ते खिळे शिशाचे असतात. माझ्या हातातली मेथी खाली पडली आणि मी तशीच बदनेऱ्याला गाडी गाठायला निघाले.

चूक माझीच होती, तिचा पाया मीच घातला होता. मी भाषांतरं करते. त्या वर्षी एका दिवाळी अंकासाठी मी 'पाचूची पाटी' या किमयेवरच्या जुन्या मजकुरावर लेख लिहिला होता. पाटी कुणी पाहिलेली नाही, मजकूर तेवढा उरलाय. तो एका पौराणिक ऋषीच्या, हर्मीसच्या नावावर सांगितला जातो. जुन्यात जुन्या प्रती अरबीत मिळतात, मग तो लॅटिनमध्ये गेला आणि युरोपभर पसरला. त्यातलं प्रसिद्ध वाक्य मी मथळा केलं: 'वर जसे, तसेच खाली.' शिवाय 'पिंडी ते ब्रह्मांडी' ही आपली म्हण खाली जोडून दिली. लोकांना ओळखीचं वाटावं म्हणून. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

लेखात एक तक्ताही होता. सूर्य सोनं, चंद्र चांदी, बुध पारा, शुक्र तांबं, मंगळ लोखंड, गुरू कथील, शनी शिसं. ही जुळणी पाटीपेक्षा जुनी. पाटीत ग्रहांची यादी नाहीच, एवढंच आहे की ज्या एका वस्तूपासून सगळं निघालं तिचा बाप सूर्य, आई चंद्र, वाऱ्यानं तिला पोटात वाहिलं आणि पृथ्वीनं पाजलं. पण किमयागारांना 'वर जसे, तसेच खाली' या एका वाक्यानं सगळ्या जुळण्यांचं समर्थन मिळालं. शिसं म्हणजे कच्चं सोनं, भट्टीत पिकवा. राशी अंगावर बसवल्या, डोक्यावर मेष आणि पायांवर मीन. अक्रोडाची गिरी मेंदूसारखी दिसते, म्हणून डोक्याला अक्रोड. हे सगळं मी मजेनं लिहिलं होतं. दादानं ते औषधाच्या चिठ्ठीसारखं वाचलं.

अकोल्याला पोचले तर दादा ओसरीवर बसलेला. शेजारी तांब्याचा लोटा, त्यात तळाला खिळे, वर लिंबाची फोड. ती फोड मी आधी उचलून बाहेर टाकली, कारण आंबट पाण्यात शिसं लवकर उतरतं.

"हे काय करून राह्यलास, दादा?"

"साडेसाती चालू आहे माही. मीन रास. तळपाय दुखतात. तुह्या तक्त्यात मीन म्हणजे पाय, अन् शनीचं शिसं. जुळलं न सगळं."

"शिसं विष आहे रे."

"चाळीस वर्षं हातात खेळवलं. मले काय झालं?"

मी चिडले. हातात धरणं वेगळं आणि पोटात घालणं वेगळं, आणि हातात धरूनही जेवणाआधी हात धुवावेच लागतात, छापखान्यात कुणी सांगितलं नव्हतं का, असं बरंच बोलले. त्याच्यावर काही परिणाम नाही. दादा असाच. डॉक्टर म्हटलं की हा दगड, छापलेलं म्हटलं की मऊ लोणी.

मग वहिनीच म्हणाली, "पण शनवारी तर आपण लोखंड अन् तेल देतो. शिसं कुठून आलं?"

मला हसू आलं आणि बरंही वाटलं. वहिनीनं नेमकं बोट ठेवलं होतं. आपल्याकडं शनीला लोखंड. तिकडं लोखंड मंगळाचं, आणि मंगळाला आपण तांबं देतो. सोनं आपल्याकडं गुरूचं, तिकडं सूर्याचं. वर शनी एकच आहे, खाली दोन गावांनी दोन धातू बांधले. मी हे सांगितलं तेव्हा दादानं लोट्याकडं पाहिलं. मी आणखी म्हटलं, "आणि खिळ्यात नुसतं शिसं नसतं, हे तुलाच ठाऊक. कथील असतं, अँटिमनी हा धातू असतो. म्हणजे लोट्यात शनीसोबत गुरू बुडलाय, आणि अँटिमनीला तर माझ्या तक्त्यात ग्रहच नाही."

"तुह्या लेखात हे कावून नाही लिहिलं?"

तेव्हा मला कबूल करावंच लागलं. "अजून एक गोष्ट नाही लिहिली. अरबी वाक्यात 'जसे, तसेच', म्हणजे 'सारखं', नाहीच. तिथं आहे, वरचं खालच्यापासून आणि खालचं वरच्यापासून. लॅटिनवाल्यांनी त्याचं 'सारखं' केलं. 'पासून' म्हटलं की दोन्ही एकाच गोष्टीतून निघालेली, एवढंच होतं. 'सारखं' म्हटलं की माणूस जिथंतिथं साम्य शोधत सुटतो. टीप होती माझ्यापाशी. मथळा सुबक दिसावा म्हणून गाळली."

दादा सरळ बसला. त्याचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला. "'पासून'चं 'सारखं' झालं? अन् छापलं? प्रूफ कोणी पाह्यलं?"

"मीच."

"म्हणूनच." त्यानं लोट्यात दोन बोटं घालून एक खिळा काढला, 'क' होता, आणि माझ्या तळहातावर ठेवला. "पाह्य. खिळ्यावर उलटा, कागदावर सुलटा. याच्यापासून निघते, याच्यासारखं नाही. 'सारखं' म्हणणाऱ्याले कंपोझिटर कोणी ठेवत नाही." मग लोटा वहिनीकडं सरकवला. "मोरीत फेक पानी. हा लोटा आता पिण्याले नाही."

डॉक्टरांकडं तो निमूट आला. रक्त काढलं, नमुना बाहेर पाठवला. निकालाला चार-पाच दिवस लागणार होते. मी अमरावतीला परतले, पण ते दिवस कसे गेले ते मला विचारू नका. तक्ता लिहिताना मी चहा पीत हसले होते, ते सारखं आठवायचं. अंकाची प्रत मी कपाटात उलटी ठेवली होती. देवाला मानत नाही, पण तुळशीपाशी दोनदा उभी राहिले.

पाचव्या दिवशी दादाचा फोन आला. "शिसं जरासं वाढलं म्हणे. औषध नाही लागत, पिणं बंद केलं तर आपसूक उतरते. तीन महिन्यांनी परत पाहू. पोटदुखीही थांबली. तळपायाले त्यांनी टाचेचा व्यायाम सांगितला."

मी जमिनीवरच बसले आणि रडले, मोकळं, ओलं, नाक पुसत. इतके दिवस छातीवर बसलेलं उठून गेलं. तिकडून दादा म्हणाला, "रडू नको बाई. शुद्धिपत्र लिही. घे, मी सांगतो. मथळ्यात 'जसे, तसेच' ऐवजी 'पासून' वाचावे. अन् तक्त्याखाली एक ओळ टाक, बारीक टाइपात नको, ठळक. 'तक्ता वाचावा, पिऊ नये.'"

मी लिहून घेतलं.

"अन् यावेळी प्रूफ मले पाठव," तो म्हणाला.