हात ठेवून ओळखणारा माणूस

कारखाना बंद पडला, तेव्हा पुतणीने नोकरीच्या साइटवरच्या फिटरकाकांच्या प्रोफाइलचा सारांश एआयकडून लिहून घेतला. "परिणामाभिमुख, गतिमान नेतृत्व, बहुआयामी अनुभव…"

काका उखडले. "कोण हा गृहस्थ? मी तर याला कधी भेटलो नाही!"

"मग खरं काय ते सांगा."

"चालत्या पॅकिंग मशीनवर हात ठेवून कुठलं बेअरिंग जाणार ते ओळखायचो. मधली तीन वर्षं आईच्या उशाशी होतो."

"हेच लिहा की!"

काकांनी सगळं पुसलं आणि एका बोटाने तेवढंच टाइप केलं. आईची तीन वर्षंही हट्टाने ठेवली.

आठवड्याने एका कारखान्याच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला.

"आमचं एक मशीन कुरकुरतंय. उद्या हात ठेवायला याल?"