विश्वेश्वरचा गुरुवार

नव्वदच्या दशकात बीडच्या बसस्थानकासमोर माझा एसटीडी-फॅक्सचा बूथ होता. दर शनिवारी विश्वेश्वर यायचा, आठवड्याची टाइमशीट पुण्याच्या हेड ऑफिसला फॅक्स करायला. बँकांचे संगणक दुरुस्त करणारा, कंपनीचा बीडमधला एकटाच माणूस. मूळचा युसूफ वडगावचा. आईवडील गेलेले, लग्न जमलेलं नाही. घरमालकिणीशीसुद्धा भाड्यापुरतंच बोलणं.

काम बेभरवशाचं. माजलगावात मशीन बंद पडलं की दिवस तिथंच जायचा, मग दोन-दोन दिवस कुणी विचारायचं नाही. इतर गावांतले त्याचे जोडीदार अशा दिवसांसमोर 'देखभाल, आठ तास' ठोकून मोकळे व्हायचे. हा पठ्ठ्या हातात पेचकस असेल तेवढाच वेळ काम धरायचा, बाकी सगळा 'रिकामा'. मला त्याचा भयंकर राग यायचा. इतकं सरळ असून जगात चालतं का?

मग ऑफिसनं कळवलं, महिन्यातले निम्म्याहून जास्त तास रिकामे दिसले तर बीडचं काम औरंगाबादहून बघू. म्हणजे याची नोकरी गेलीच.

आणि त्याच शनिवारी मशीनला कागद लावताना मला गुरुवार दिसला: 'दुरुस्तीचा कॉल नाही. बीडच्या बँकेत चार तास. काम नव्हते, माणसांत बसलो.'

"कावून लिवलं बे हे? बँकेचे त्रिंबकराव मॅनेजर देखभालीची सही द्यायला तयार हायत की!"

"देखभाल केलीच न्हाई, तर लिवू कशी? खोलीत बसवंना, म्हणून गेलतो."

फॅक्स गेला. थोड्या वेळानं बूथवरच फोन आला. शीट तपासणाऱ्या प्रणिता मॅडम होत्या. आवाज खणखणीत, मला सगळं ऐकू येत होतं.

"मंगळवारी माजलगावला सकाळी पोचलात, आणि काम दुपारी सुरू?"

"लाईट नव्हती, मॅडम. ती आल्यावर केलं."

"मग तो वेळ रिकामा कसा? ग्राहकाकडे अडकून पडणं ही ड्युटीच आहे. तिथं लिहा, 'वीज येण्याची वाट पाहिली'. एसटीचा प्रवासही वेगळा लिहा. बँकेच्या सहीच्या कॉल-रिपोर्टवरच्या वेळा बघून महिन्याच्या सगळ्या शीट नव्यानं भरा."

"आणि गुरुवार?" यानंच विचारलं.

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला.

"तो रिकामाच, विश्वेश्वर. राहू द्या तसाच."

नव्या शीटमध्ये रिकामे तास निम्म्याच्या खाली आले. पुढच्या आठवड्यात ऑफिसचा निरोप आला, बीडचं काम वर्षभर आहे तसंच चालू राहील.

"आता पेढे आण की लेका!" मी ओरडलो.

तो हसला. मग बाहेर स्थानकात लागलेल्या गाड्यांकडं बघत म्हणाला, "म्हंजे आनखी एक वरीस त्याच खोलीत."

 तो बाकावर बसला, आणि मी शटर ओढेपर्यंत उठला नाही.