फ्लॅट भाड्याने देण्याबाबत

आई गेल्यानंतर दीड वर्ष नाशिकचा फ्लॅट बंद होता. मी इथे अमेरिकेत, चँडलरला, आणि तो तिथे, दुसऱ्या मजल्यावर, पडदे ओढून. मला त्याची स्वप्नं पडायची. स्वप्नात हॉल बराच मोठा असायचा, फरशीवर इथली तांबूस वाळू पसरलेली असायची आणि स्वयंपाकघरातून कोणीतरी पाणी भरत असल्याचा आवाज यायचा. मी आत जायचे तर कोणी नसायचं. जाग आली की खिडकीबाहेर वाळवंटातली फिकट पहाट असायची, आणि काही क्षण मला कळायचं नाही की आपण कुठल्या घरात आहोत.

शेजारच्या काकूंकडे किल्ली होती. त्या महिन्यातून एकदा दार उघडून नळ सोडायच्या, खिडक्या उघडून बसायच्या. एकदा फोनवर म्हणाल्या, "अगं, घराला माणसाचा वास लागतो. नाहीतर ते रुसतं. भाड्याने दे कोणाला तरी."

एजंटने एक कुटुंब सुचवलं. नवरा छापखान्यात कामाला, बायको मूकबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका, एक सहा वर्षांची मुलगी. मूळचे धुळ्याकडचे. दोघंही नवराबायको जन्मापासून बहिरे. मुलीला ऐकू येतं. एजंट चाचरत म्हणाला, "मॅडम, माणसं फार चांगली आहेत. पण सोसायटी काय म्हणेल, सांगता येत नाही."

मी व्हिडिओ कॉल लावला. तो कॉल असा झाला की आम्ही बोललोच नाही. बाईंनी वहीवर लिहून दाखवलं, मी माझ्या कागदावर लिहून दाखवलं. त्यांचं अक्षर शिक्षिकेचं होतं, टपोरं. त्यांनी विचारलं, "गॅलरीत ऊन सकाळी येतं की दुपारी?" मला एवढं बरं वाटलं की मी त्याच वेळी मनात होकार दिला. भाड्याचं, पाण्याचं, पार्किंगचं विचारणारे खूप भेटले होते. ऊन कोणी विचारलं नव्हतं.

मग मी सोसायटीच्या समितीला पत्र लिहिलं. "मा. सेक्रेटरी यांस, विषय: माझा फ्लॅट बाहेरील कुटुंबास भाड्याने देण्यास परवानगी मिळणेबाबत." आईची भाषा माझ्या बोटांत आपोआप उतरली, 'कृपया अनुमती द्यावी ही विनंती' वगैरे. सोबत दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती, फोटो, अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराचा मसुदा जोडला. पोलिसांकडे भाडेकरूंची नोंद करून तिची प्रत देईन, असंही लिहिलं. कुटुंबाबद्दल एवढंच लिहिलं की दोघंही ऐकू शकत नाहीत. लपवायचं नव्हतं.

माझी मुलगी कॉलेजातून घरी आली होती. तिने पत्र वाचायचा प्रयत्न केला, अर्ध्यात सोडलं. "आई, इट्स युअर फ्लॅट. व्हाय आर यू आस्किंग?"

खरंच होतं. एका वकील मैत्रिणीनेही तेच सांगितलं होतं. हल्लीच्या उपविधींप्रमाणे मालकाला समितीची परवानगी लागत नाही, कराराच्या प्रतीसह आधी कळवावं लागतं, बस. पण त्या इमारतीत बारा बिऱ्हाडं आहेत. कायदा दाखवून एखाद्या कुटुंबाला जिना चढायला लावणं आणि लोकांनी जिन्यात त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसणं, यात फरक आहे. मला दुसरी गोष्ट हवी होती.

चार दिवसांनी सेक्रेटरी काकांचा फोन आला. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून ते मला ओळखतात. "पत्र मिळालं. व्यवस्थित लिहिलंयस," ते म्हणाले. "एक अडचण आहे. सोसायटीचा एक जुना ठराव आहे. बाहेरच्या अनोळखी कुटुंबाला जागा द्यायची नाही. आजच्या नियमांत तो टिकणार नाही, मला माहीत आहे. पण खजिनदार त्यावर बोट ठेवून बसलेत."

"कोणी केला होता ठराव?"

ते म्हणाले, "फोटो पाठवतो."

इतिवृत्ताच्या पानाचा फोटो आला. शाई फिकी झाली होती, पण अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. ठराव मांडणारी, माझी आई. ती त्या वर्षी समितीत होती. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी अशीच परवानगी मागितली होती, एका विधवा बाईसाठी आणि तिच्या दोन मुलांसाठी. ती बाई खानावळ चालवायची. समितीने नकार दिला. आईने कारण लिहिलं होतं, "सोसायटीची शांतता व स्वच्छता लक्षात घेता."

मी तो फोटो मोठा करून कितीतरी वेळ बघत राहिले. मला आईचं 'शांतता'मधलं 'श' आवडायचं. लहानपणी मी ते गिरवलं होतं. आणि ज्या बाईने मला गरजूंना दारातून परत पाठवू नये असं शिकवलं, तिने हे लिहिलं होतं. ती खानावळवाली बाई मग कुठे गेली असेल? तिची मुलं कुठल्या शाळेत? काकूंना फोन करून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तेव्हा सगळ्यांनीच हात वर केले होते गं. मीसुद्धा." आईला याचं कधी वाईट वाटलं का, हे मी विचारलं. "नाही बोलली कधी," एवढंच उत्तर आलं. मला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं, पण काकू खोटं बोलणाऱ्यांपैकी नव्हत्या.

त्या दिवशी मी दुसरं पत्र लिहिलं, या वेळी 'विषय' न घालता. लिहिलं की ठराव माझ्या आईचा आहे हे मला आज कळलं. ती चुकली होती असं मला वाटतं, आणि तिच्यावरचं माझं प्रेम त्याने कमी झालेलं नाही. तुम्हाला या कुटुंबाबद्दल जी शंका असेल ती त्यांनाच विचारा, मीही हजर राहते.

बैठक रविवारी संध्याकाळी साडेसहाला सेक्रेटरी काकांच्या हॉलमध्ये ठरली. म्हणजे माझे सकाळचे सहा. मी मागच्या अंगणात लॅपटॉप घेऊन बसले. संत्र्याच्या झाडाला फुलं आली होती. वास एवढा दाट की जाग आहे की झोप, असं वाटावं. पडद्यावर ओळखीच्या खुर्च्या, ओळखीचं घड्याळ, मध्ये बिस्किटांची बशी. एका बाजूला ते नवराबायको, इस्त्रीच्या कपड्यांत, गुडघे जुळवून बसलेले.

खजिनदार काही बोलायला लागले आणि आवाज गेला. ओठ हलत होते, हात वर-खाली होत होते, मला काही ऐकू येत नव्हतं. मी ओरडून सांगत होते, "काका, आवाज नाही!" पण ते सगळे एकमेकांकडे बघत बोलत होते. इथे पक्षी बोलत होते, तिथे माणसं मुकी झाली होती. खजिनदारांचा चेहरा रागावलेला वाटला, पण आवाज काढून घेतल्यावर तो राग नव्हता. तो माणूस घाबरलेला दिसत होता.

माझ्याकडे फक्त त्या बाईंचं लक्ष होतं. मी कानाला हात लावला. त्यांनी लगेच वही उघडली, लिहिलं आणि कॅमेऱ्यासमोर धरली: "ऐकू येत नाही का?"

मी मान हलवली. त्या हसल्या. मग त्यांनी वही सेक्रेटरी काकांकडे सरकवली आणि पेन पुढे केलं. काकांना क्षणभर कळलं नाही. मग ते हसले, त्यांनी लॅपटॉप मध्ये ओढला, आणि त्यानंतरची बैठक कागदावर झाली. प्रत्येक प्रश्न लिहायचा, दोघांना दाखवायचा, मला दाखवायचा. लिहिताना खजिनदारांना प्रत्येक वाक्याला थांबावं लागलं. बोलताना माणूस जे फेकतो ते लिहिताना फेकता येत नाही.

त्यांनी लिहिलं, "आग लागली, गॅस गळला, तर तुम्हाला कसं कळणार? तुमची लहान मुलगी एकटी ऐकणार का?"

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने वही घेतली. "मुलीवर भार टाकत नाही. आताच्या घरात गॅस डिटेक्टर आहे, त्याला दिवा जोडलाय. बेलला दिवा आहे. इथेही लावू. गॅसचा वास आम्हाला तुमच्यापेक्षा आधी येतो." शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

"पाणी कधी येणार नाही, हे आम्ही जिन्यात ओरडून सांगतो."

"ग्रुपवर लिहा. सगळ्यांनाच बरं."

काकूंनी पेन मागून घेतलं. त्यांची मराठी शाळा सातवीत सुटली होती. त्या हळूहळू लिहीत होत्या आणि सगळे वाट बघत होते. "मी शेजारी आहे. माझ्याकडे दुसरी किल्ली राहील. काही झालं तर मी आत जाईन." मग त्यांनी वही त्या बाईंना दिली नाही, त्यांच्या मांडीवर ठेवली आणि वर आपला हात ठेवला.

समितीने संमती दिली. खजिनदारांनी आपला विरोध इतिवृत्तात नोंदवायला सांगितला, सेक्रेटरी काकांनी तो नोंदवला, आणि जुना ठराव मागे घेतल्याचंही लिहिलं. आवाज शेवटपर्यंत आला नाही. मला त्या सगळ्यांचा निरोप हातांनीच मिळाला. पलीकडे उजेड मंदावत गेला, इथे भिंतीवर ऊन चढत गेलं.

पुढचे दोन महिने कागदपत्रांत गेले. काकूंच्या नावे मुखत्यारपत्र केलं, ते वकिलातीतून साक्षांकित करून पाठवलं, तिकडे करार नोंदला गेला, पोलिसांकडची नोंद झाली. ते कुटुंब राहायला आलं तेव्हा मी ऑफिसात होते. काकूंनी मला त्याबद्दल फक्त एक ओळ पाठवली, "आले."

त्यानंतर मला त्या फ्लॅटची स्वप्नं पडली नाहीत. सुरुवातीला मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

डिसेंबरात मी गेले. स्वतःच्या दारात पाहुणीसारखी उभी राहिले. मुलीने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, आत वळून हातांनी काहीतरी सांगितलं. बाई ओले हात पुसत आल्या. हॉल स्वप्नातल्यापेक्षा पुष्कळ लहान होता. आईच्या कपाटाच्या जागी अभ्यासाचं टेबल होतं, गॅलरीत सकाळच्या उन्हात छापखान्याचे चुकलेले कागद दाबून ठेवलेले, मुलीला चित्रं काढायला.

दुपारी जिन्यात खजिनदार भेटले. ते बरोबर खालच्या मजल्यावर राहतात. मला बघून थांबले. "तुझे भाडेकरू," ते म्हणाले, आणि मी मनातल्या मनात कंबर कसली. "इतका आवाज करतात! खुर्च्या सरकवतात, भांडी आदळतात, दारं धाडधाड. त्यांना कळतच नाही ना!"

"मग तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं की. लिहून." त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली. खुर्चीच्या पायांना लावायची रबरी टोपणं होती, सोळा. "दुकानात गेलोच होतो. चल, तूही चल. मला त्यांच्याशी हातांनी नीट बोलता येत नाही अजून, मुलगी हसते."

आम्ही वर गेलो. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून टोपणं बसवायला मी खाली बसले आणि ते एकेक खुर्ची उचलून धरत राहिले.